तळाला चुंबक चिकटला तरच इंडक्शन चालणार. पिन गरम होत असेल तर आधी वायरमन बोलवा

गावोगावी इंडक्शन शेगड्या आल्या, पण भांडी जुनीच अन् वायरिंगही जुनंच. एका वस्तीवरच्या घरात काय झालं, त्यावरून समजून घेऊ

तालुका वार्ताहर : सिलिंडर संपला की नंबर लावायचा अन् गाडी वस्तीवर येईपर्यंत वाट बघायची, याला कंटाळून बऱ्याच घरांनी इंडक्शन शेगडी घेतली आहे. दुकानात दुकानदार बटण दाबतो, पाणी दोन-तीन मिनिटांत उकळतं, घेणारा खूश होतो. खोक्यासोबत माहितीपुस्तिका मिळते, ती खोक्यातच राहते. घरी आल्यावर मात्र निम्मी भांडी चालत नाहीत, काच कधी गार कधी गरम हे कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी कुठूनतरी जळका वास यायला लागतो.

नदीपल्याडच्या एका वस्तीवरील पाच माणसांच्या कुटुंबात या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक घडल्या. घर पत्र्याचं, स्वयंपाकघर नंतर जोडलेलं, वीज खांबावरून लांबून आणलेली. शेगडी २००० वॅटची. आपल्याकडच्या पुष्कळ घरांची हीच स्थिती असल्याने त्यांचा अनुभव सगळ्यांच्याच कामाचा आहे.

जर्मनचं पातेलं ठेवलं अन् शेगडी नुसती टुंय टुंय करू लागली

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी चहाचं रोजचं पातेलं ठेवलं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं. शेगडीने शिट्टीसारखा आवाज केला, पडद्यावर E अक्षराचा कोड दाखवला आणि थोड्या वेळाने आपोआप बंद झाली. मग पितळेचं पातेलं ठेवलं, तेच. घरातल्यांना वाटलं, शेगडीच खराब निघाली. दुसऱ्या दिवशी ती पिशवीत घालून दुकानात नेली. दुकानदाराने आपलं पातेलं ठेवून चालवून दाखवली आणि परत पाठवली.

शेगडीत दोष नव्हता. इंडक्शनची काच स्वतः तापतच नाही, हे इथं नीट समजून घ्यावं लागतं. काचेखाली तांब्याच्या तारेचं चकलीसारखं गोल वेटोळं असतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलते. शेगडीतलं सर्किट त्या विजेपासून सेकंदाला वीस हजार वेळांपेक्षाही जास्त दिशा बदलणारा प्रवाह तयार करून त्या वेटोळ्यात सोडतं. त्यामुळे वेटोळ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही तितक्याच वेगाने उलटसुलट होतं. वर लोखंडाच्या जातीचा तळ आला की त्या तळातच विजेचे भोवरे फिरतात आणि तळ आतून तापतो. म्हणजे इथं चूल वेगळी अन् भांडं वेगळं असं नाही. भांड्याचा तळ हीच चूल. तळ त्या जातीचा नसेल तर चूलच लागली नाही असं समजायचं.

ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, हिंडालियम यांना लोहचुंबक धरत नाही आणि त्यातून वीज फार सहज वाहते, त्यामुळे साध्या घरगुती शेगडीवर ती तापत नाहीत. मातीचं भांडं, काचेचं भांडं यांचा तर प्रश्नच नाही. लोखंडी तवा, बिडाचा तवा, लोखंडी कढई आणि इनॅमलची भांडी चालतात, पण तळ सपाट पाहिजे.

खरा घोळ होतो तो स्टीलचा. स्टील म्हणजे लोखंडच, मग चालायला काय हरकत, असं कुणालाही वाटेल. पण स्टीलच्या जाती असतात. ज्याला ३०४ म्हणतात त्या स्टीलमध्ये निकेल असतं. ते गंजत नाही, चकाकतं, पण त्याला चुंबक चिकटत नाही. ४३० जातीच्या स्टीलला चुंबक घट्ट चिकटतो. म्हणून लग्नात आलेलं भारी स्टीलचं पातेलं इंडक्शनवर ढिम्म राहतं आणि आठवडी बाजारातलं साधं पातेलं धडाक्यात चालतं, असंही होतं. भांडं भारी की हलकं यावरून काही ठरत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो फुकटचा. जुन्या रेडिओच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरमधला चुंबक, नाहीतर फ्रीजला चिकटवायचं खेळणं घ्या आणि भांड्याच्या तळाला लावा. तळालाच लावायचा, कडेला नाही. भांडं ठोकून वळवताना ३०४ स्टीलच्या वळणावर, काठावर थोडं चुंबकपण येतं, त्यामुळे कडेला हलकासा चिकटतो आणि माणूस फसतो. तळाच्या मध्यभागी चुंबक लावून भांडं उलटं-सुलटं धरा. घट्ट बसला, ओढावा लागला, तर भांडं चालणार. नुसता रेंगाळून घसरला तर शेगडी चालू-बंद होत राहील आणि स्वयंपाकाला वेळ लागेल.

वस्तीवरच्या घरात सूनबाईंनी दुपारी सगळी भांडी अंगणात मांडून हीच परीक्षा घेतली. एकोणीस भांड्यांपैकी सहा पास झाली. त्या सहांतही एक कढई गोल बुडाची होती. तिला चुंबक चिकटला, पण शेगडीवर ती फक्त मधल्या रुपयाएवढ्या जागेवर टेकली. चुंबकीय क्षेत्राचा जोर काचेजवळच असतो, बोटभर वर गेलं की तो फारच कमी होतो. त्यामुळे अशा कढईत मधलं तेल धूर सोडतं आणि कडेची भजी पांढरीच राहतात. सपाट बुडाची कढई लागते, दुसरा इलाज नाही.

तळाची रुंदीही बघावी लागते. साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे वीतभरातून तीन-चार बोटं कमी, इतक्यापेक्षा लहान तळ असेल तर पुष्कळ शेगड्या भांडं ओळखतच नाहीत. फोडणीचं पळं किंवा एक कप चहाचं छोटं भांडं ठेवल्यावर शेगडी बोंबलते ती यामुळेच. तळ सपाट आहे का हे बघायला पट्टी उभी धरून तळावर टेकवावी. मधून उजेड दिसला तर तळ वाकलेला आहे.

कुकरचं थोडं वेगळं आहे. ॲल्युमिनियमचा कुकरही चालतो, पण त्याच्या बुडाला चुंबक धरणारी स्टीलची चकती दाबून बसवलेली असली पाहिजे. अशा कुकरवर 'इंडक्शन बेस' असं लिहिलेलं असतं. लिहिलेलं असलं तरी चुंबक लावूनच घ्यावा. बाजारात लोखंडी किंवा स्टीलची चकतीही मिळते. ती शेगडीवर ठेवायची आणि वर जर्मनचं पातेलं. चालतं, पण मग भांड्याऐवजी चकती तापते, चकतीवरून उष्णता भांड्यात जाते, वेळ जास्त लागतो आणि खालची काच भलतीच तापते. रोजच्या स्वयंपाकाला ती घेऊ नये. तेवढ्या पैशात एक धड पातेलं येतं.

ज्योत नाही, पण धग आहे

दुसरा प्रसंग आठवडाभरानंतरचा. दुकानदाराने सांगितलं होतं, 'काच गार असते, नोट ठेवली तरी जळत नाही.' हा खेळ दुकानात दाखवतातही. काचेवर कागद, त्यावर पातेलं, पाणी उकळलं तरी कागद शाबूत. ते खरं आहे, कारण पाण्याचं भांडं १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि तेवढ्याने कागद पेटत नाही. पण घरात त्या दिवशी पुऱ्या तळल्या होत्या. कढई उतरवली, बटण बंद केलं, आणि सासूबाईंनी लगेच ओलं फडकं काचेवर फिरवलं. फडक्यातून चर्र आवाज आला, वाफ बोटांवर आली आणि तळवा भाजला. 'विस्तव नाही तिथं एवढं कसं भाजलं?' हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

काच स्वतः तापत नसली तरी वरचं भांडं तिला तापवतं. तळणाचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं, कढईचा तळ त्याहून जास्त. असा तळ वीस मिनिटं काचेवर बसला तर काचही तशीच तापणार. आणि काच ही उष्णता लवकर सोडत नाही. पाणी किंवा चहा उकळल्यावर काच काही मिनिटांत निवते, पण तळण झाल्यावर किंवा भाकरीचा तवा उतरवल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटं तिच्यावर हात टेकू नये. काही शेगड्यांवर बंद केल्यानंतर H असं अक्षर दिसतं, त्याचा अर्थ अजून गरम आहे. स्वस्तातल्या शेगड्यांवर ते नसतं. अशा वेळी तळहात काचेवर न टेकवता चार बोटं वर धरायचा. धग लागली तर थांबायचं. चुलीवर आपण आर विझलाय का बघायला करतो तेच. लहान मूल घरात असेल तर उतरवलेल्या भांड्याऐवजी पाण्याने भरलेलं गार पातेलं काचेवर ठेवून द्यावं. काचही लवकर निवते आणि मुलाचा हातही थेट काचेवर जात नाही.

आता याचीच दुसरी बाजू. चुलीवर लाकडं ओढली तरी आर राहतो, त्यावर वरण मुरतं, वैलावर दूध तापत राहतं. इंडक्शनला वैल नाही अन् आरही नाही. बटण बंद केलं की त्या क्षणाला उष्णता तयार होणं थांबतं. दूध उतू जायला लागलं आणि बटण दाबलं तर पातळ बुडाच्या पातेल्यात ते झटकन खाली बसतं. पण जाड बुडाच्या पातेल्यात नाही. जाड बूड आणि गरम काच मिळून आणखी थोडा वेळ उष्णता देत राहतात आणि दूध ओट्यावर येतं. म्हणून जाड बुडाच्या भांड्यात दूध वर चढायच्या आधीच, कडेला बुडबुडे दिसले की बंद करावं. पुढचा उकळा ते उरलेल्या धगेवर घेतं. भाताचंही तसंच. पाणी आटत आलं, भातावर भोकं दिसायला लागली की शेगडी बंद करून झाकण ठेवावं आणि भांडं हलवू नये. दहा मिनिटांत भात मुरतो, करपत नाही. कुकर शेवटच्या शिट्टीनंतर काचेवरच राहू द्यायला हरकत नाही, त्यातली वाफ आपली आपण काम करते.

तव्याची मात्र उलट तऱ्हा. रिकामा लोखंडी तवा २००० वॅटवर ठेवला तर मिनिट-दीड मिनिटातच तो हवा त्यापेक्षा जास्त तापतो. गॅसवर जसा 'तवा तापू दे जरा' म्हणून माणूस पीठ मळत बसतो तसं इथं चालत नाही. शेगडीचा उष्णता ओळखणारा सेन्सर काचेच्या खाली मध्यभागी असतो. त्याला तव्याची खबर काचेतून उशिरा लागते. तोवर पातळ तवा मध्ये फुगतो, मग तो काचेवर डुगडुगायला लागतो, आणि एकदा वाकलेला तवा सरळ होत नाही. थोडं तेल टाकून रिकामी कढई पूर्ण जोरावर ठेवली तर तेल पेट घ्यायला वेळ लागत नाही. तवा ८०० ते १००० वॅटवर चढवावा, पाण्याचा थेंब नाचायला लागला की भाकरी टाकावी.

भाकरी फुगवायला ज्योत नाही, ही सगळ्याच बायकांची तक्रार. जाळी ठेवून फुगवायचा प्रयत्न करू नये. लोखंडी जाळी स्वतःच लाल होते किंवा शेगडी ती ओळखत नाही, आणि तिच्या टोकदार पायांनी काचेवर ओरखडे पडतात. तव्यावरच दुसरी बाजू शेकून, कापडाच्या बोळ्याने कडेकडेने दाबली तर भाकरी फुगते. चुलीची चव येत नाही हे खरं. वांग्याचं भरीत तर विसरायचंच.

शेगडी बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ घुर्रर करत राहतो. ते बिघाडाचं लक्षण नाही. आतल्या सर्किटमधली आणि वेटोळ्यातली उष्णता तो बाहेर टाकतो. पुष्कळ जण वीज वाचावी म्हणून लगेच भिंतीवरचं बटण बंद करतात. पंखा थांबतो, वरून तापलेली काच आणि खाली कोंडलेली हवा, यात आतलं सर्किट भाजत राहतं. शेगडीवरचं बटण आधी, पंखा थांबल्यावर भिंतीवरचं, हा क्रम पाळला तर शेगडी जास्त दिवस टिकते. त्याच कारणाने शेगडी भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी, खाली वर्तमानपत्र किंवा कापड अंथरू नये. हवा ओढायची भोकं खालीच असतात. गॅसच्या शेगडीवरच इंडक्शन ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत दिसते. ती मोडावी. खालच्या बर्नरचं बटण चुकून फिरलं तर काय होईल, याचा विचारही नको.

जळका वास कुठून येत होता?

तिसरा प्रसंग सगळ्यात गंभीर. शेगडी आणून सोळा-सतरा दिवस झाले होते. संध्याकाळी कुकर लावला की स्वयंपाकघरात रबर जळाल्यासारखा वास यायचा. घरच्यांनी शेगडी पुसली, काच पुसली, खाली झुरळ मेलं का बघितलं. वास कमी होईना. एके दिवशी पिन काढायला गेले तर निघेना. जोर लावला तर पिनेसोबत सॉकेटचं तोंडच बाहेर आलं, आत सगळं काळं.

वायरमन आला. त्याने जे सांगितलं ते प्रत्येक घराने ऐकण्यासारखं आहे.

शेगडीला जाड तीन पायांची पिन होती. ती १६ अँपिअरच्या सॉकेटची, ज्याला आपण पंधराची पिन किंवा पॉवर पॉइंट म्हणतो. घरात फक्त पाचचे सॉकेट होते. मग बाजारातून कन्व्हर्टर पिन आणली, जाड पिन त्यात आणि ती पाचच्या सॉकेटमध्ये. हिशोब सोपा आहे. २००० वॅटला २३० व्होल्टने भागलं की साधारण ८.७ अँपिअर येतात. घरातलं छोटं सॉकेट ५ किंवा ६ अँपिअरचं असतं. सहा गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट, त्याच्या वरचा भार त्या सॉकेटसाठी नाहीच. कन्व्हर्टर पिन पायांचा आकार बदलते, सॉकेटची ताकद वाढवत नाही.

'पण मग फ्यूज का नाही उडाला?' घरच्या मालकांनी विचारलं. वायरमनने सॉकेटचा मागचा भाग उलटा करून दाखवला. एक स्क्रू सैल होता. सैल जोडणीत वीज घासत जाते, म्हणजे तिथं अडथळा तयार होतो. तो अडथळा अगदी अर्ध्या ओहमचा धरला तरी ८.७ अँपिअर त्यातून गेल्यावर सुमारे ३८ वॅट उष्णता एका स्क्रूपाशी तयार होते. मोबाइल दुरुस्त करणारा जी सोल्डरिंगची कांडी वापरतो, तिची उष्णता साधारण एवढीच असते. म्हणजे भिंतीत रोज तासभर सोल्डरिंगची कांडी खुपसून ठेवल्यासारखं झालं. आणि गंमत अशी की यात एकूण प्रवाह वाढलेलाच नसतो, उलट किंचित कमी होतो. फ्यूज आणि एमसीबी हे प्रवाह वाढला तरच उडतात. सैल जोडणी त्यांना दिसत नाही. ती आपल्या नाकाला आणि हातालाच कळते.

त्यामुळे आठवड्यातून एकदा, कुकर झाल्यावर भिंतीवरचं बटण बंद करून पिनेच्या प्लास्टिकला हात लावून बघावा. कोमट असेल तर ठीक. हात धरवत नसेल, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, पाय काळे झाले असतील किंवा पिन सॉकेटमध्ये लुळी बसत असेल, तर शेगडी वापरणं त्याच दिवशी थांबवायचं. 'कमी वॅटवर चालवू' हा उपाय नाही. बऱ्याच शेगड्या २००-३०० वॅटवर ठेवल्या तरी प्रत्यक्षात काही सेकंद मोठ्या जोराने चालतात आणि काही सेकंद बंद राहतात. सरासरी तेवढी भरते, पण चालू असताना प्रवाह जास्तच असतो.

त्या घरात आणखी एक गोष्ट सापडली. स्वयंपाकघराचं वायरिंग बल्बच्या लाइनवरूनच पुढे ओढलेलं होतं, तार एक चौरस मिलिमीटरची, मध्ये दोन ठिकाणी नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेली. बोर्डातल्या ग्रिपमध्ये फ्यूजची तार म्हणून जाड वायरचे चार पदर. ते चार पदर कधीच वितळले नसते. आधी भिंतीतली तार वितळली असती. वायरमनने स्वयंपाकघरासाठी मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन ओढली. फेज आणि न्यूट्रल ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, सोबत अर्थची हिरवी तार, १६ अँपिअरचा एमसीबी आणि १६ अँपिअरचं सॉकेट. अडीचची तारही कमी अंतराला पुरते, पण बोर्ड लांब असल्याने त्याने चारची घातली. मध्ये एकही जोड नाही.

अर्थिंग आहे असं वाटतं, पण असतं का?

त्या घरात थ्री पिन सॉकेट होतं, त्यामुळे अर्थिंग आहे असाच सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात सॉकेटचं मोठं भोक रिकामं होतं, मागे तारच नव्हती. हे फार घरांत आहे. शेगडी बाहेरून प्लास्टिकची आणि काचेची असते, मग अर्थिंगची गरज काय, असं वाटू शकतं. पण काचेला बारीक तडा गेला, त्यातून उतू गेलेलं दूध किंवा आमटी खाली झिरपली, की ती थेट वीज चालू असलेल्या वेटोळ्यावर आणि सर्किटवर पडते. तेच ओलं वर भांड्यापर्यंत लागून असतं आणि भांड्याला आपला हात. म्हणून तडा गेलेली शेगडी, तडा केसाएवढा असला तरी, पिन काढून बाजूला ठेवायची. त्यावर चिकटपट्टी किंवा एम-सील लावून चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

अर्थिंग आहे का हे वायरमन टेस्ट लॅम्पने बघतो. साधा १०० वॅटचा पिवळा बल्ब फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला की पूर्ण पेटतो; तोच फेज आणि अर्थमध्ये लावला तरी तसाच पेटला पाहिजे. मंद पेटला तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे किंवा तार गंजली आहे. हे काम वायरमनचंच, घरच्यांनी तारा हातात धरून करायचं नाही. त्या घरात घरामागे नवा खड्डा घेऊन अर्थिंग केलं. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला सांगितलं, कारण कोरडी माती वीज ओढत नाही. पाण्याच्या नळाच्या पाइपला अर्थची तार बांधायची खोड मात्र सोडावी. पाइप आता प्लास्टिकचे असतात, आणि लोखंडी असला तर नळाला हात लावणाऱ्यालाच झटका बसायची भीती. जमत असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जायला लागली की तो क्षणात लाइन तोडतो. एमसीबी हे काम करत नाही, तो वायर वाचवतो.

गावाकडचा आणखी एक धोका म्हणजे न्यूट्रल तुटणं. वाऱ्या-पावसात डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटला की काही घरांत २३० ऐवजी त्याहून बरंच जास्त, कधीकधी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येतं. बल्ब एकदम लख्ख पेटतात, पंखा सुसाट सुटतो, शेजारच्या घरात त्याच वेळी उजेड मंद होतो. असं दिसलं की बाकी काही न करता मेन स्विच खाली करायचा. शेगडीतलं सर्किट अशा वेळी पहिल्या झटक्यात जातं. म्हणून वादळी वातावरणात आणि स्वयंपाक झाल्यावर पिन काढून ठेवलेली बरी. पिन ओल्या हाताने काढू नये आणि तार धरून ओढू नये, हे वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टरवर शेगडी लावू नये, घरगुती इन्व्हर्टरची तेवढी कुवत नसते. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चालू शेगडीपासून किमान दोन फूट लांब राहावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच स्वयंपाक करावा.

वीजबिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो. तो एक किलोवॅट किंवा त्याहून कमी असेल आणि घरात दोन किलोवॅटची शेगडी आली असेल, तर महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घ्यावा लागतो. खर्चाचा अंदाज घ्यायचा तर एक लिटर पाणी उकळायला साधारण एक दशांश युनिट लागतं. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला १२५ ते १३० युनिटांच्या आसपास वीज लागते. आपल्या बिलातला वरच्या टप्प्याचा युनिटचा दर त्याला गुणून सिलिंडरच्या भावाशी ताडून बघितलं की कोणाला काय परवडतं ते ज्याचं त्याला कळेल.

नवी लाइन झाल्यावर वायरमनने पाण्याने भरलेलं मोठं पातेलं ठेवून शेगडी वीस मिनिटं पूर्ण जोरावर चालवली, मग बटण बंद करून घरच्या मालकांना पिनेला हात लावायला सांगितला. पिन कोमट होती. जुनं काळं सॉकेट काढून तिथं कोरी पट्टी बसवली. संध्याकाळी सातच्या सुमाराला मात्र शेगडी लावली की घरातला पंखा अजूनही थोडा मंदावतो. खांबापासून घरापर्यंतची तार लांब आणि बारीक आहे, त्यात व्होल्टेज पडतं, आणि त्याच वेळी सगळी वस्ती लाइट लावते. भार वाढवण्याच्या अर्जासोबत त्या तारेचंही लिहून दिलं आहे. तोवर सासूबाई डाळ-भाताचा कुकर दुपारी चारलाच लावून घेतात आणि रात्री फक्त भाकरीचा तवा चढवतात, तोही हजार वॅटवर.